कापसाच्या शेतातली नोंदवही

शेतातल्या नोंदवहीची सुरुवात नकाशाने होते. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी गावात राहायला येतात. महाराष्ट्रात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. यजमान शेतकऱ्याच्या शेतावर त्यांच्या हाती येणारा पहिला आकडा सातबाऱ्यावरचा असतो. विदर्भातल्या एखाद्या कापसाच्या शेताचा सातबारा 1 हेक्टर 20 आर, म्हणजे जवळपास तीन एकर दाखवतो. पण त्यात बांध आला, विहिरीची जागा आली, नाल्याकाठची पडीक पट्टी आली. उभा कापूस प्रत्यक्षात 2.7 एकरांवरच असू शकतो. फरक किरकोळ वाटला तरी पुढे एकरी म्हणून जे काही लिहिले जाणार ते सारे याच आकड्याने भागले जाते. तीन पोती युरिया तीन एकरांवर पडला तर एकरी 45 किलो होतो, 2.7 एकरांवर तोच 50 किलो होतो. म्हणून कडेने चालत जाऊन किंवा मोबाइलवर क्षेत्र मोजायचे. नकाशावर उताराची दिशा, पाणी साचणारा कोपरा, झाडांची सावली आणि तुरीच्या ओळी काढायच्या, आणि निरीक्षणाच्या पाच जागांना क्रमांक देऊन तिथे खुंट ठोकायचे. चार जागा कोपऱ्यांकडच्या आणि एक मधली घेतली की बहुतेक शेते आवाक्यात येतात. बांधालगतच्या चार-पाच ओळी मात्र सोडाव्यात. तिथल्या झाडांना ऊन, वारा आणि धुऱ्यावरच्या गवतातली कीड वेगळ्या प्रमाणात मिळते.

पिकाच्या पानावर तारखेइतकाच महत्त्वाचा असतो लागवडीनंतरचा दिवस. 20 जूनला सरकी टोबली असेल तर 14 सप्टेंबर हा 86 वा दिवस. पाते, फूल की बोंड, यांपैकी कोणती अवस्था चालू आहे हेही त्याच ओळीत येते. त्यानंतर मोजणी. तुडतुड्यांसाठी प्रत्येक जागी चार झाडे, आणि प्रत्येक झाडाचे वरचे, मधले, खालचे असे एकेक पान पाहिले जाते. पाच जागांची मिळून 60 पाने होतात. हे काम सकाळी लवकर उरकलेले बरे, कारण ऊन चढले की तुडतुडे चपळ होतात. पान तोडायचे नाही. देठाशी हलकेच धरून उलटायचे आणि तिरकी चालणारी पिले मोजायची. साठ पानांवर 78 तुडतुडे निघाले तर सरासरी पानामागे 1.3 येते. पानामागे दोन ते तीन ही फवारणीची वेळ ठरवणारी नुकसानीची पातळी मानतात. म्हणजे कीड शेतात आहे, पण अजून फवारण्याइतकी नाही.

वहीत लिहायचे ते 78 आणि 60. ‘तुडतुडे कमी’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष झाला आणि तो वेगळ्या रकान्यात जातो. आठवड्याने दुसरा विद्यार्थी आला आणि त्याने ‘कमी’ऐवजी ‘मध्यम’ लिहिले, तर कीड वाढली की माणूस बदलला हे कळायला मार्ग उरत नाही. शून्य आणि रिकामी चौकट यांतही असाच घोळ होतो. शून्य म्हणजे पाहिले आणि काही आढळले नाही. पावसामुळे शेतात जाताच आले नसेल तर तिथे रेघ मारून कारण लिहावे लागते. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांत ही चूक महागात पडते. सापळ्यामागे रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस सापडले तर उपाययोजना करायची, असा संकेत आहे. मागचे पतंग काढून न टाकता पुन्हा मोजले, किंवा चार दिवसांची बेरीज एका दिवसाच्या नावावर चढवली, तर नसलेले संकट कागदावर उभे राहते.

मातीची नोंद दिसते तेवढी सोपी नाही, कारण यंत्र नेहमी काहीतरी आकडा दाखवतेच. नमुना कापसासाठी साधारण 30 सेंटिमीटर खोलीपर्यंत घेतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या बाजूची सारख्या जाडीची माती खरवडायची, नागमोडी चालत अनेक ठिकाणची माती एकत्र करायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे आणि शेवटी अर्धा किलो ठेवायची. खताच्या ढिगाची जागा, झाडाखालची जमीन आणि नुकतेच खत दिलेल्या ओळी टाळायच्या. मात्र पाणी साचणारा कोपरा बाकीच्या शेतात मिसळायचा नाही. त्याचा नमुना वेगळा. उभ्या पिकात घेतलेल्या नमुन्यावर तसे लिहून ठेवावे, म्हणजे त्याची तुलना कोणी उन्हाळ्यातल्या नमुन्याशी करणार नाही.

शेतावरच सामू आणि क्षारता पाहायची तर सावलीत वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती 25 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात घालून अधूनमधून ढवळतात आणि अर्ध्या तासाने मीटर बुडवतात. त्याआधी सामूचा मीटर माहीत सामूच्या द्रावणात तपासून घ्यावा लागतो. काळी माती अल्कधर्मी असल्याने 7 आणि 9.2 सामूची द्रावणे सोयीची. ऊर्ध्वपातित पाणी संपले म्हणून बोअरचे वापरले तर मातीऐवजी पाण्याचेच क्षार मोजले जातात. दुसरी नेहमीची चूक एककाची. क्षारतेचे काही मीटर 0.4 दाखवतात, काही 400. पहिले डेसिसिमेन्स प्रति मीटर, दुसरे मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर, माती तीच. ओलाव्याच्या सळईला काळ्या जमिनीत भेगांचा त्रास होतो. सळई भेगेत गेली की हवाच लागते आणि वाफशावर असलेली जमीनही कोरडी दिसते. म्हणून एका जागी तीन ठिकाणी वाचन घेऊन तिन्ही लिहिलेली चांगली.

निविष्ठांची, म्हणजे बियाणे, खते, औषधे यांची नोंद करताना विद्यार्थ्याला शेतकऱ्याचे माप आणि पुस्तकातले माप अशी दोन मापे सांभाळावी लागतात. शेतकरी पोते, ट्रॉली, पंप असे सांगतो. ते तसेच लिहून शेजारी किलो-लिटर मांडायचे. युरियाचे पोते पूर्वी 50 किलोचे होते, आता 45 किलोचे आहे. डीएपीचे 50 किलोचेच आहे. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे एका पोत्यात 20.7 किलो. ‘एकरी एक पोते’ ही जुन्या सवयीची नोंद या हिशेबात मुकाट्याने चुकते. त्याहून मोठी गफलत बिलावरून नोंद करण्यात आहे. दुकानातून आणलेले आणि शेतात पडलेले यांत गोठ्यात उरलेले पोते असते, शेजाऱ्याला उसने दिलेले असते. वापराची नोंद त्या दिवशी, बांधावरच व्हायला हवी.

फवारणीत औषधाच्या व्यापारी नावाबरोबर डब्यावरचा मूळ घटक आणि त्याची टक्केवारी, बॅच क्रमांक, पंपामागे मात्रा, एकूण किती पंप लागले आणि कोणकोणती औषधे एकत्र केली हे सगळे येते. शिफारस अनेकदा 10 लिटर पाण्यासाठी असते आणि पंप 15 लिटरचा असतो, त्यामुळे ‘पंपाला 30 मिली’ हे 10 लिटरला 20 मिली ठरते. मिश्रणाची नोंद ही केवळ हिशेबाची बाब नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पोटात किंवा अंगावर कोणते औषध गेले हे डॉक्टरला सांगता आले नाही तर उपचार अंदाजाने होतात.

या तिन्ही पानांचा उपयोग लाल्याच्या वेळी कळतो. कापसाची पाने लाल पडण्यामागे नत्राची किंवा मॅग्नेशियमची कमतरता, तुडतुडे, पाण्याचा ताण, साचलेले पाणी आणि रात्रीची थंडी यांपैकी काहीही असू शकते. वरच्याच शेताचे उदाहरण पुढे नेऊ. 14 सप्टेंबरला पाचही जागी वीस-वीस झाडे पाहिली. लाल पडलेली झाडे पहिल्या चार जागी अनुक्रमे 1, 0, 2 आणि 1 निघाली; नाल्याकडच्या पाचव्या जागी 14. सगळ्यांची सरासरी 18 टक्के येते, आणि वहीत ती एकटीच असती तर सबंध शेतावर फवारा घ्यावा असेच कोणालाही वाटले असते.

आता एकेक कारण तपासता येते. पाचव्या जागेवर बारा पानांत 14 तुडतुडे होते, म्हणजे पानामागे 1.2, इतर जागांपेक्षा जास्त नाहीत. तुडतुड्यांमुळे लाल पडणाऱ्या पानांचे काठ खाली वळतात, तसे वळलेले नव्हते. सप्टेंबरच्या मध्यात रात्री अजून थंड नसतात. मातीचा सामू पाचव्या जागी 8.1 आणि बाकी शेतात 8.3, क्षारता 0.4 आणि 0.3 डेसिसिमेन्स, दोन्हींत दोष नाही. लाली खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाली होती. नत्र आणि मॅग्नेशियम दोन्ही जुन्या पानांतून नव्याकडे जातात, त्यामुळे एवढ्यावर भेद होत नाही. परंतु मॅग्नेशियम कमी पडले की शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. इथे नोंद होती: ‘आधी सबंध पान फिकट, मग लाल, शिराही हिरव्या नाहीत.’ संशय नत्राकडे वळतो.

निविष्ठांचे पान तो पक्का करते. 63 व्या दिवशी, 22 ऑगस्टला, युरियाचा दुसरा हप्ता दिला. बिल तीन पोत्यांचे, वापर दोन पोत्यांचा. म्हणजे 90 किलो युरियातून 41.4 किलो नत्र, एकरी 15.3 किलो, बिलावर विसंबले असते तर ते 23 किलो दिसले असते. त्यानंतर तिसऱ्या दिवसापासून दोन दिवसांत पर्जन्यमापकात 96 मिलिमीटर पाऊस जमला. सखल कोपऱ्यात पाणी तुंबले, मुळांना हवा मिळेना, आणि चिबडलेल्या जमिनीतले काही नत्र वायुरूपाने उडूनही जाते. नत्र सगळ्याच शेतात कमी पडले होते, पण लाली फक्त पाणी साचले तिथे आली. सामू आणि क्षारतेचा मीटर हे सांगू शकत नव्हता, कारण त्यात नत्र मोजलेच जात नाही. उपलब्ध नत्रासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.

तरीही हे अनुमानच आहे आणि वहीत ते अनुमान म्हणूनच लिहायचे. ते पडताळण्यासाठी आधी चर काढून पाणी वाट करून द्यायचे, मग त्या कोपऱ्यात दोन टक्के युरियाची फवारणी घ्यायची: 10 लिटरला 200 ग्रॅम, 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. दोन ओळी फवारणीविना सोडून दोन्हीकडच्या दहा-दहा झाडांना सुतळी बांधून ठेवायची. लाल झालेले पान परत हिरवे होत नाही, म्हणून दहा दिवसांनी शेंड्याकडची नवी पाने पाहायची आणि लाली आणखी किती पानांवर चढली ते मोजायचे. फवारलेल्या ओळी सुधारल्या आणि सोडलेल्या तशाच राहिल्या तर नत्राचा तर्क टिकला. दोन्ही सारख्याच सुधारल्या तर श्रेय चराचे, युरियाचे नाही. दोन्हीकडे लाली चढतच गेली तर उपलब्ध नत्राचा आणि मॅग्नेशियमचा प्रयोगशाळेतला अहवाल येईपर्यंत कारणाचा रकाना रिकामा ठेवलेला बरा.