चित्र नसलेली पानं प्रेमाबद्दल काय बोलतात?

टॅरोच्या पानांतली ‘तलवारींची तिर्री’ अनेकांनी पाहिलेली असते. लालभडक हृदय, त्यात आरपार घुसलेल्या तीन तलवारी आणि मागे कोसळणारा पाऊस. प्रेमाबद्दल विचारायला आलेल्या माणसासमोर हे पान उलगडलं की वाचणाऱ्याला तोंड उघडावंच लागत नाही. समोरचा आधीच घाबरलेला असतो. हे चित्र काढलं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने, आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली, 1909 साली लंडनमध्ये. हृदयाची कल्पना मात्र तिच्याही आधीची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तयार झालेल्या ‘सोला बुस्का’ या संचात ती सापडते, आणि त्या संचाची छायाचित्रं स्मिथच्या काळात ब्रिटिश म्युझियममध्ये होती.

आता तेच पान ‘मार्सेय’ पद्धतीच्या जुन्या फ्रेंच संचात पाहा. निकोला कोन्व्हेर या पत्ते छापणाऱ्याचा 1760चा संच त्यातला सर्वांत प्रसिद्ध. तिथे हृदय नाही, पाऊस नाही, रक्ताचा थेंब नाही. दोन वाकड्या तलवारी एकमेकींना वर-खाली छेदून लांबट अंडाकृती घेर करतात, त्यातून एक सरळ तलवार जाते आणि तिच्या दोन बाजूंना पानांच्या डहाळ्या. बस्स. यावरून कुणाचा प्रेमभंग झाला की साखरपुडा ठरला, हे कसं सांगणार?

या संचात 78 पानं असतात. त्यांतली 22 मोठी चित्रपानं आणि 16 राजा-राणी-घोडेस्वार-शिपाई बाजूला ठेवली, तर 40 अंकपानं उरतात: चार रंगांची, एक्क्यापासून दश्शीपर्यंत. आपल्या घरातल्या पत्त्यांच्या कॅटमधून गुलाम, राणी आणि राजा काढले तरी बरोबर 40च पानं हाती येतात. बहुतेक वाचक चषक म्हणजे बदाम, तलवार म्हणजे इस्पिक, काठी म्हणजे किल्वर आणि नाणं म्हणजे चौकट अशी जोडी लावतात. म्हणजे या पद्धतीसाठी महागडा संच आणायलाच हवा असं नाही. शिवाय टॅरोचा जन्म उत्तर इटलीत खेळ म्हणूनच झाला. पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं छापील पुस्तक एतेया या फ्रेंच माणसाने 1770मध्ये काढलं, ते टॅरोवर नव्हे तर खेळायच्या 32 पत्त्यांवर.

चित्र नसेल तेव्हा अर्थ दोन गोष्टींतून काढतात. पानाचा रंग सांगतो की गोष्ट कशाबद्दल आहे, आणि अंक सांगतो की ती कुठल्या टप्प्यावर आहे. रंगांना चार तत्त्वं जोडायची पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या गूढविद्यावाल्यांनी रुजवली. चषक म्हणजे पाणी, काठी म्हणजे अग्नी, तलवार म्हणजे वायू, नाणं म्हणजे पृथ्वी. प्रेमाच्या प्रश्नात त्याचे सरळ अर्थ होतात. पाणी म्हणजे भावना. अग्नी म्हणजे ओढ, पुढाकार, शरीराची इच्छा. वायू म्हणजे विचार आणि बोलणं, त्यात भांडणही आलं. पृथ्वी म्हणजे घर, पैसा, वेळ, अंतर; थोडक्यात, दोघांनी एकत्र राहायचं म्हटलं की जे प्रश्न स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतात ते सगळे.

अंकांचं कोष्टकही फार अवघड नाही. एक म्हणजे बीज, दोन म्हणजे जोडी किंवा थांबून पाहणं, तीन म्हणजे वाढ आणि बाहेर येणं, चार म्हणजे बसलेली घडी. पाचावर घडी विस्कटते, सहावर देवाणघेवाण जमते, सातावर कस लागतो, आठावर गोष्ट शिस्तीत येऊन पुढे सरकते, नऊ म्हणजे जवळजवळ पिकलेलं आणि दहा म्हणजे पूर्ण भरलेलं, कधी कधी ओसंडणारंही.

इथे एक अडचण लपलेली आहे. हे कोष्टक सगळ्यांचं सारखं नाही. 1888मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ मंडळाच्या परंपरेत पाच म्हणजे संघर्ष; चित्रपट दिग्दर्शक आलेहान्द्रो होदोरोव्स्की यांच्या मार्सेय पद्धतीत तोच पाच नव्या क्षितिजाकडे नेणारा पूल आहे. मराठी वाचकाला तर तिसरंच कोष्टक ठाऊक असतं. आपल्याकडच्या अंकशास्त्रात तीन गुरूचा, चार राहूचा, सात केतूचा. ‘नाण्यांची चौकी’ म्हणजे बसलेली घडी असं वाचता वाचता मध्येच राहू आठवला, की अर्थ उलटा फिरतो. तत्त्वांचंही तेच. आपली महाभूतं पाच, युरोपातल्या या मांडणीत चार. आकाशाला इथे पान नाही. कोणतं कोष्टक खरं, हा वाद निष्फळ आहे. पानं पिसण्याआधी एक निवडायचं आणि वाचन संपेपर्यंत ते सोडायचं नाही, एवढंच हातात असतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक तरुणी आणि तिचा मित्र तीन वर्षं एकत्र आहेत. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे. ‘तो माझ्याशी लग्न करेल का?’ हा तिच्या मनातला प्रश्न. पण अंकपानांना हो-नाही म्हणता येत नाही. म्हणून जाणकार वाचक प्रश्न फिरवून घेतो: ‘या नात्यात आत्ता काय चाललंय आणि मी कशाकडे लक्ष द्यावं?’ तीन पानं डावीकडून उजवीकडे मांडली. नाण्यांची चौकी, तलवारींची तिर्री, चषकांची सत्ती. घरच्या कॅटमध्ये म्हणायचं तर चौकटची चौकी, इस्पिकची तिर्री आणि आपली बदाम सत्ती.

पहिलं पान पृथ्वी आणि चार. नात्याची व्यवहाराची घडी बसलेली आहे: कोण कधी भेटतं, खर्च कोण करतं, सुट्टी कुठे जाते, सगळं ठरलेलं. प्रश्न प्रेमाचा असूनही सुरुवातीचं पान भावनेचं नाही, हीच इथली पहिली बातमी.

दुसरं पान वायू आणि तीन. वायू म्हणजे बोलणं, तीन म्हणजे वाढून बाहेर येणं. आतापर्यंत मनात फिरणारा विषय तोंडावर येतो आहे. प्रेमभंगाचा इथे मागमूस नाही. भोसकलेलं हृदय डोळ्यासमोर आलंच, तर ते 1909च्या चित्रातून आलंय, समोरच्या पानातून नाही. चित्रांवर शिकलेल्या वाचकांची सर्वांत जास्त गफलत नेमकी याच पानावर होते. मार्सेयच्या पानात तर सरळ तलवारीच्या बाजूला पालवी आहे.

तिसरं पान पाणी आणि सात. भावनेचा कस. मार्सेयच्या या पानात वर तीन चषक, खाली तीन आणि मधला एक वेलबुट्टीत एकटाच उभा असतो. आपल्याला नेमकं काय हवंय, हे तिला एकटीने ठरवायचं आहे, असा अर्थ त्या रचनेतून बरेच वाचक काढतात.

पण खरी गंमत शेजारात आहे. गोल्डन डॉनच्या नियमानुसार अग्नी आणि पाणी एकमेकांचे वैरी, वायू आणि पृथ्वी एकमेकांचे वैरी. बाकीच्या जोड्या जमतात आणि एकाच तत्त्वाची पानं एकमेकांना बळ देतात. आपल्या मांडणीत मधली तलवार डावीकडच्या नाण्याशी भांडते आणि उजवीकडच्या चषकाशी जमवून घेते. म्हणजे बोलणं सुरू झालं की बसलेली घडी हलणार. पण त्याच बोलण्याने भावनेचा गुंता सुटायला मदत होणार. ओढीचं, म्हणजे काठीचं, एकही पान आलेलं नाही. पुढाकार कुणीच घेत नाहीये, हेही वाचनात नोंदवायचं. एवढं जमलं की सांगण्याचं वाक्य तयार होतं: ‘सोय मोडेल या भीतीने तुम्ही दोघं एक विषय टाळताय, तो काढलात तर सोय थोडी मोडेल, पण तुला काय वाटतं ते तुलाच कळेल.’

हे वाक्य खरंच पानांतून आलं, की कुठल्याही तीन वर्षांच्या नात्याला चिकटवता आलं असतं? शंका रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून स्वभाववर्णनं दिली आणि ती किती अचूक वाटतात याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली 4.26. सगळ्यांना दिलेला कागद एकच होता. प्रेमाचा प्रश्न घेऊन आलेला माणूस तर अर्धं वाक्य स्वतःच पूर्ण करतो.

याच्यावर साध्या पानांत एक तपासणी करता येते. मधलं पान बदलून पाहायचं. तलवारींच्या जागी काठ्यांची तिर्री ठेवा. अंक तोच, तीन. तत्त्व बदललं, अग्नी. आता मधलं पान नाण्याशी जमवून घेतं आणि चषकाशी भांडतं. वाचनही उलटायला हवं: उत्साहाने काहीतरी नवं सुरू होतंय, कदाचित त्याच्या शहरात घर बघायला जाणं, व्यवहाराला ते पोषक आहे, पण त्या धावपळीत तिच्या मनाचा प्रश्न मागे पडतोय. पान बदलूनही वाचणारा जुनंच वाक्य बोलत राहिला, तर तो पानं वाचत नव्हता, समोरचीचा चेहरा वाचत होता. दृश्यांच्या संचात ही चोरी पकडणं कठीण, कारण एका चित्रात दहा कथा दडवता येतात.

अर्थात तपासणीत पास झालेलं वाचनही भविष्य ठरत नाही. वाचणाऱ्याने आपल्या नियमांशी इमान राखलं, इतकंच त्यातून सिद्ध होतं. पिसलेल्या पानांना त्या मित्राच्या मनातलं कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

जाता जाता एक दुवा आपल्या मातीतला. टॅरोच्या जुन्या खेळात तलवारी आणि काठ्यांमध्ये मोठा अंक श्रेष्ठ, तर चषक आणि नाण्यांमध्ये उलटं: एक्का वर, दश्शी तळाला. सावंतवाडीत आजही हाताने रंगवल्या जाणाऱ्या गंजिफ्यातही अर्ध्या रंगांचा क्रम असाच उलटा धरतात. दहा अवतारांच्या त्या 120 गोल पानांतल्या अंकपानांवरही प्रसंगचित्रं नसतात. मत्स्याच्या पानांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पानांवर कासवं.

करून पाहायचं असेल, तर घरचा कॅट घ्या, चित्रपत्ते काढा आणि तीनच पानं मांडा. अर्थ तारखेसह वहीत लिहा, आणि तो लिहून होईपर्यंत त्या माणसाला फोन करू नका. नंतर मात्र करा. लग्नाचं काय, हे त्यालाच विचारायला हवं.