पुसलेल्या बादलीच्या जागी दुसरा शिंपला

समजा, समुद्रकिनाऱ्याच्या एका छायाचित्रात वाळूवर एक बादली आहे आणि तिच्या डावीकडे एक शिंपला पडलेला आहे. संगणकावर बादली पुसली, की त्या जागी वाळू येते. पण कधी कधी त्या वाळूत हुबेहूब तसाच दुसरा शिंपलाही उगवतो. हा आला कोठून?

बादलीमागची वाळू कॅमेऱ्याने टिपलेलीच नसते. म्हणून ‘फोटोशॉप’मध्ये २०१० साली आलेली ‘कंटेंट-अवेअर फिल’ ही सोय चित्राच्या उरलेल्या भागातूनच ठिगळे घेते. तिच्यामागची ‘पॅचमॅच’ ही रीत २००९ साली प्रसिद्ध झाली.

ठिगळ म्हणजे, उदाहरणार्थ, ७ × ७ पिक्सेलांचा, म्हणजे ४९ रंगबिंदूंचा चौकोन. दोन ठिगळे किती सारखी, हे कसे ठरवायचे? समोरासमोरच्या बिंदूंच्या रंगांकांतील फरकांचे वर्ग करून बेरीज करायची. प्रत्येक बिंदूत २ चा फरक असेल, तर बेरीज ४ × ४९ = १९६ येते. एकाच बिंदूत २० चा फरक असेल, तर ती ४०० होते. जिची बेरीज लहान, ते ठिगळ बरे.

परंतु चित्रात लक्षावधी ठिगळे असतात. प्रत्येकाशी तुलना करायची, तर फार वेळ लागेल. म्हणून आरंभी संगणक प्रत्येक ठिगळासाठी चक्क अंदाजाने जोडीदार निवडतो. बहुतेक अंदाज चुकतात, पण काही बरे निघतात. मग शेजाऱ्याची मदत होते. एका ठिगळाचा चांगला जोडीदार ८० बिंदू डावीकडे सापडला, तर शेजारचे ठिगळही ‘८० बिंदू डावीकडे’ हीच जागा तपासून पाहते. यानंतर आजूबाजूला आणखी थोडा शोध होतो. प्रथम हे सारे लहान केलेल्या चित्रावर होते, मग क्रमाक्रमाने मोठ्या चित्रावर. एकमेकांवर येणाऱ्या ठिगळांच्या रंगांची सरासरी काढून पोकळी भरते.

आता कोडे सुटेल. समजा, बादली पुसताना तिच्या सावलीची कडा शिल्लक राहिली. त्या काळसर कडेशी जुळणारी वाळू शिंपल्याच्या सावलीतच सापडते. एक ठिगळ तेथून आले, की शेजारची ठिगळेही तेवढेच अंतर वापरतात आणि सावलीपाठोपाठ सबंध शिंपला येतो. ‘हे ठिगळ एकदा वापरले आहे’ अशी नोंद या मूळ रीतीत नसते. शिंपला म्हणजे काय, हेही तिला ठाऊक नसते. तिला फक्त बेरीज दिसते.

अशी नक्कल ओळखण्यासाठी पुसलेल्या जागेतील एखादा ठळक खडा निवडा आणि तसाच खडा जवळपास शोधा. दोन्हींभोवतीचे कणही त्याच क्रमाने आढळले, तर ते ठिगळच! उपाय दोन आहेत. वस्तूबरोबर तिची सावलीही पुसावी, किंवा शिंपल्याचा भाग शोधातून वगळावा. ही दुसरी सोय फोटोशॉपमध्ये २०१८ साली आली.