तासाआधीची वीस मिनिटं

अकरावी विज्ञानाला मी रसायनशास्त्र शिकवते. ‘मोल’ची संकल्पना सुरू केली की पहिल्या दहा मिनिटांतच फळ्यावर मोल, ॲव्होगॅड्रो नंबर, मोलर मास, मोलर व्हॉल्यूम असे शब्द एकामागून एक उतरतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल इथे दचकतं. नववीत ‘रेणुवस्तुमान’ म्हणून जे शिकलो तेच आता ‘मॉलिक्युलर मास’ होऊन समोर आलंय, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत मी पुढच्या उदाहरणावर गेलेली असते. मग ते नुसतं उतरवून घेऊ लागतं, आणि समजून घेणं रात्रीवर जातं. रात्री शंका येते तेव्हा विचारायला कोणी नसतं.

अगदी नवी माहिती मन एका वेळी फार थोडी पेलू शकतं. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा साधारण चार असल्याचं मांडलं. पण आधी एकदा नजरेखालून गेलेला शब्द तेवढी जागा अडवत नाही. म्हणून तासाच्या आदल्या संध्याकाळी फक्त वीस मिनिटं धडा चाळा, असं मी मुलांना सांगते. पूर्ण वाचायचा नाही आणि पाठ तर मुळीच करायचा नाही.

मोलच्या धड्यावर हे कसं करायचं ते सांगते. पहिली पाच मिनिटं मथळे, आकृत्या आणि ठळक छापलेले शब्द पाहण्यात जावीत. जुन्या ओळखीचा शब्द दिसला की त्याच्याशेजारी पेन्सिलीने मराठी नाव लिहावं. मग एकच सोडवलेलं उदाहरण घ्यावं. ९ ग्रॅम पाण्यात रेणू किती? खालचं उत्तर वहीने झाकायचं. हायड्रोजनचे दोन अणू म्हणजे २ आणि ऑक्सिजनचे १६, म्हणून १ मोल पाणी १८ ग्रॅम. ९ ग्रॅम म्हणजे अर्धा मोल. १ मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके रेणू असतात, त्याचे निम्मे करायचे. इथपर्यंत बहुतेक जण पोचतात.

पुढचं पान मात्र अडवतं. तिथे लिहिलेलं असतं की २ ग्रॅम हायड्रोजन आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, दोन्ही २२.४ लिटरच जागा व्यापतात. हे कसं? शिवाय क्लासच्या नोट्समध्ये २२.४ आणि दुसऱ्या पुस्तकात २२.७ आहे, त्यातलं खरं कोणतं? वाचन इथेच थांबवावं आणि हे दोन प्रश्न वहीच्या समासात लिहून ठेवावेत. ते सोडवण्यासाठी घरी तासभर डोकं फोडत बसू नये, कारण दुसऱ्या दिवशीचा तास त्यासाठीच आहे.

अशा वर्गात माझा तास वेगळाच होतो. व्याख्या सांगण्यात जाणारी वीस मिनिटं वाचतात आणि मी थेट वायूंकडे वळते. वायूचे रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की त्यांच्या स्वतःच्या आकाराला जवळपास महत्त्वच उरत नाही. तापमान आणि दाब तोच असेल तर रेणू किती, एवढ्यावरच जागा ठरते. आणि २२.४ व २२.७ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. तापमान दोन्हीकडे शून्य अंश सेल्सिअसच आहे. दाब १ ॲटमॉस्फिअर धरला तर २२.४ येतात, १ बार धरला तर २२.७. बार हा ॲटमॉस्फिअरपेक्षा किंचित कमी दाब आहे, म्हणून वायू थोडा जास्त पसरतो. १९८२ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाण दाब १ बार ठरवला, पण बऱ्याच पुस्तकांत जुना आकडा टिकून राहिला. हा खुलासा मी कोऱ्या वर्गालाही सांगून पाहिला आहे. प्रश्नच पडलेला नसतो, त्यामुळे उत्तर कानावरून जातं.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात याच दिशेने आपला वर्ग बदलला. धडा मुलं आधी वाचून येत. वर्गात ते संकल्पनेवरचा एक प्रश्न टाकत, प्रत्येकाकडून स्वतंत्र उत्तर घेत, मग शेजाऱ्याशी वाद घालायला लावत आणि पुन्हा उत्तर विचारत.

यात एक धोका आहे, आणि तो हुशार मुलांना जास्त असतो. धडा ओळखीचा वाटला की ‘हे मला येतं’ असा समज होतो आणि वर्गात लक्ष उडतं. ओळख झाली म्हणजे समजलं असं नाही. ते तपासायला पुस्तक मिटून मोल म्हणजे काय ते दोन वाक्यांत स्वतःशी बोलून पाहावं. वाक्य मधेच अडलं, तर ते जिथे अडलं तोच उद्याचा प्रश्न. समास कोरा राहिला असेल तर वाचन बहुधा नुसतं डोळ्यांनी झालं आहे.

प्रत्येक धड्याला ही रीत सारखी लागू पडत नाही. लांबलचक सिद्धता आधी वाचून फारसं हाती लागत नाही. तिथे सुरुवात कुठून होते आणि शेवटी काय मिळवायचंय एवढंच पाहून यावं. मधल्या पायऱ्या फळ्यावर एकेक करून उलगडताना पाहणं जास्त सोपं जातं.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी कधीच काही विचारत नसे. मोलच्या तासाला तिने वही वर धरली. समासात मराठीत लिहिलं होतं, ‘जड वायूला जास्त जागा का नको?’ त्या दिवशी मी तास तिथूनच सुरू केला.