रुग्ण सादरीकरण

रुग्ण सादरीकरण किंवा केस प्रेझेंटेशन म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्याने रुग्णाची हकीकत, तपासणीतील निष्कर्ष आणि त्यांवरून केलेला निदानाचा विचार शिक्षकांसमोर क्रमाने तोंडी मांडणे होय. भारतात एम.बी.बी.एस.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत ते ‘लाँग केस’ म्हणून विचारले जाते.

रचना
सादरीकरणात रुग्णाची ओळख, कालक्रमाने तक्रारी, पूर्वेतिहास, शारीरिक तपासणी, सारांश आणि संभाव्य निदान असा क्रम असतो. आढळलेल्या लक्षणांबरोबर न आढळलेली महत्त्वाची लक्षणेही सांगितली जातात. कारण त्यांच्यामुळे इतर शक्यता मागे पडतात.

उदाहरण
पुढील उदाहरण काल्पनिक आहे. विद्यार्थी सुरुवात करतो : “३२ वर्षांच्या महिलेला एक वर्षापासून श्रमाने दम लागतो आणि दोन महिन्यांपासून धडधड होते.”

पहिला प्रश्न दम हृदयामुळे की फुप्फुसामुळे, हा असतो. “आडवे झाल्यावर दम वाढतो, रात्री दम लागून जाग येते, जुनाट खोकला किंवा छातीत घरघर नाही.” यावरून हृदयाच्या डाव्या बाजूच्या विकाराकडे संशय वळतो. “लहानपणी तापाबरोबर एकामागून एक मोठे सांधे सुजले होते.” या माहितीमुळे संधिवात ज्वराने (ऱ्हुमॅटिक फीव्हर) झडप बिघडल्याची शक्यता बळावते.

तपासणीत नाडी पूर्णपणे अनियमित आहे. हृदयाचे ठोके मिनिटाला ११०, तर मनगटावर ९२ लागतात. हा १८ ठोक्यांचा फरक अलिंद विकंपन (एट्रियल फिब्रिलेशन) सुचवतो. हृदयाच्या टोकाशी पहिला ध्वनी मोठा असून दुसऱ्या ध्वनीनंतर झडप उघडल्याचा ‘टक्’ असा आवाज व त्यामागून खर्जातील मर्मर ऐकू येते. म्हणून निदान असे मांडले जाते : संधिवात ज्वरामुळे द्विदल झडप अरुंद होणे (मायट्रल स्टेनोसिस), सोबत अलिंद विकंपन.

डाव्या अलिंदातील मिक्सोमा ही गाठही असेच चित्र निर्माण करू शकते. त्यामुळे इकोकार्डिओग्राफीने खात्री केली जाते. अलिंदात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा विचारही मांडावा लागतो.

सामान्य चुका
ही मर्मर सहज निसटते. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची ‘बेल’ हलकेच टेकवली नाही, तर ‘मर्मर नाही’ अशी चुकीची नोंद होते. मर्मरच्या मोठेपणावरून विकाराची तीव्रता ठरवणे हीदेखील चूक आहे. तीव्रता मर्मर किती वेळ टिकते यावरून कळते. मात्र नाडी जलद व अनियमित असताना हा अंदाजही कठीण होतो.

निदान आधी ठरवून त्याला जुळणारीच लक्षणे सांगणे हा विचारातील दोष होय. ‘कोणते लक्षण आढळले असते तर हे निदान बदलले असते?’ या परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही की तो दोष उघड होतो.