केस, तेल आणि घाम: त्वचेतल्या चेतांचा माग

डोक्याच्या त्वचेचा चार-पाच मायक्रोमीटर जाडीचा उभा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की केसाचे मूळ, त्याला चिकटलेली तैलग्रंथी आणि खोलवर गुंडाळलेली घर्मग्रंथी हे तिन्ही अवयव एकाच वेळी दिसू शकतात. गर्भावस्थेत बाह्यत्वचेच्या पेशी खाली अंतस्त्वचेत शिरून वाढतात आणि त्यांतून हे अवयव घडतात, म्हणून त्यांना त्वचेची उपांगे म्हणतात. एकाच थरातून आणि एकमेकांच्या शेजारी वाढलेले असले, तरी चेतासंस्थेशी तिघांचे नाते वेगवेगळे आहे. केशपुटकाला स्पर्श कळतो, घर्मग्रंथी चेतेच्या हुकमावर चालते आणि तैलग्रंथी मुख्यतः रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांचे ऐकते.

केशपुटक

केस ज्या नळीतून बाहेर येतो ती नळी म्हणजे केशपुटक. तिचे खालचे टोक फुगीर असते. डोक्यावरचा केस जोमाने वाढत असताना हे टोक त्वचेखालच्या चरबीपर्यंत पोहोचलेले असते. फुगीर टोकाच्या तळाशी एक खोबण असते आणि तिच्यात अंतस्त्वचेचा अंकुर शिरलेला असतो. त्या अंकुरात रक्तवाहिन्या असतात, शिवाय तिथूनच केसाच्या वाढीचे संकेत मिळतात. अंकुराभोवतीच्या पेशी झपाट्याने विभागत राहतात, वर सरकताना केराटिनने भरतात, कठीण होतात आणि मरतात. बाहेर दिसणारा केस अशा मृत पेशींचाच बनलेला असतो. त्याला रंग देणाऱ्या पेशी या फुगीर भागात, अंकुराच्या माथ्याशी बसलेल्या असतात.

केसाभोवती दोन आवरणे असतात. आतले आवरण वाढत्या केसाला साच्यासारखे धरून ठेवते. त्याच्या पेशींतले दाणे नेहमीच्या रंगद्रव्यांनी लालभडक रंगतात, त्यामुळे ते चटकन ओळखू येते. तैलग्रंथी जिथे उघडते त्या उंचीच्या आसपास हे आवरण विरून जाते आणि केस मोकळा होतो. बाहेरचे आवरण म्हणजे बाह्यत्वचेचाच खाली उतरलेला भाग. त्याच्या पेशींत ग्लायकोजेन भरपूर असल्याने त्या फिकट दिसतात. या बाहेरच्या आवरणावर, तैलग्रंथीच्या थोडे खाली, एक छोटासा उंचवटा असतो. केशपुटकाच्या मूळपेशी तिथे राहतात आणि प्रत्येक नव्या केसाची सुरुवात त्यांच्यापासून होते.

याच उंचवट्याला एक बारीक अनैच्छिक स्नायू जोडलेला असतो. तिथून तो तिरका वर जाऊन बाह्यत्वचेच्या खाली टेकतो. तो आवळला की केस ताठ उभा राहतो आणि अंगावर काटा येतो.

डोक्यावरचा केस साधारण 2 ते 6 वर्षे वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत पुटकाचा खालचा भाग आक्रसतो, सुमारे तीन महिने विश्रांती होते आणि जुना केस गळून नवा उगवतो. त्यामुळे कापात काही पुटके खोल आणि काही आखूड दिसली तर तो दोष नसतो. मात्र केस त्वचेत तिरका असल्याने उभ्या कापात पुटक टोकापासून तोंडापर्यंत सलग क्वचितच सापडते. म्हणूनच टक्कल पडण्याचे कारण शोधताना त्वचेच्या तुकड्याचे आडवे कापही घेतात. त्यांत अनेक पुटके एकदम दिसतात आणि वाढणारी किती, विश्रांतीतली किती हे मोजता येते.

तैलग्रंथी

केशपुटक आणि त्याचा स्नायू यांच्यामधल्या कोनात तैलग्रंथी बसलेली असते. ती काही गोलसर पुंजक्यांची बनलेली असते आणि तिची आखूड नलिका पुटकात उघडते. पुंजक्याच्या कडेला लहान, गडद पेशींची एक रांग असते. या पेशी विभागतात आणि नव्या पेशी आत सरकतात. आत जाता जाता त्यांच्यात मेदाचे थेंब साठतात, केंद्रक चोहोबाजूंनी दाबले जाऊन वेडेवाकडे होते आणि शेवटी पेशी फुटते. या ग्रंथीत पेशी केवळ तेल गाळत नाही, ती संपूर्ण पेशीच तेल होऊन बाहेर पडते.

स्लाइडवर मात्र हे तेल दिसत नाही. काप तयार करताना ऊती अल्कोहोल आणि झायलिनमधून जाते, त्यांत मेद विरघळतो आणि पेशी फेसाळ, पोकळ दिसते. तेल पाहायचेच असेल तर ऊती गोठवून काप घ्यावा लागतो आणि मेदाला रंगवणारे खास रंगद्रव्य वापरावे लागते.

तळहात-तळपायांवर केस नाहीत आणि तैलग्रंथीही नाहीत. चेहरा आणि डोके यांवर त्या सर्वांत मोठ्या व दाट असतात. घर्मग्रंथीला चेतेकडून मिळतो तसा स्राव सोडण्याचा थेट हुकूम तैलग्रंथीला मिळत नाही. तिच्यावर मुख्य अंमल अँड्रोजेन संप्रेरकांचा असतो. म्हणून जन्माच्या वेळी ती सक्रिय असते, बालपणी शांत होते आणि वयात येताना पुन्हा जागी होऊन तारुण्यपीटिकांना वाट करून देते.

घर्मग्रंथी

माणसाच्या अंगावर सुमारे 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथी म्हणजे एकच लांब नळी असते. तिचे खालचे टोक अंतस्त्वचेच्या तळाशी किंवा चरबीत वेटोळे घालून बसलेले असते. कापात हे वेटोळे अनेक जागी छेदले जाते, त्यामुळे एकाच नळीची जवळजवळ असलेली पुष्कळ वर्तुळे दिसतात. त्यांत फिकट वर्तुळे घाम तयार करणाऱ्या भागाची असतात आणि पेशींच्या दोन थरांची गडद वर्तुळे घाम वाहून नेणाऱ्या नलिकेची. फिकट भागाभोवती आकुंचन पावणाऱ्या चपट्या पेशींचा विळखा असतो. नलिका वर चढते, बाह्यत्वचेतून मळसूत्रासारखी फिरत जाते आणि थेट पृष्ठभागावर उघडते. तिचा केसाशी संबंध नसतो.

वेटोळ्यात तयार झालेला घाम रक्तद्रवाइतकाच खारट असतो. नलिकेतून जाताना त्यातले सोडियम आणि क्लोराइड बरेचसे परत शोषले जातात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात हे परत शोषण बिघडते, म्हणून घामातले क्लोराइड मोजून त्याचे निदान करतात.

काख, जांघ आणि स्तनाग्राभोवती दुसऱ्या प्रकारच्या घर्मग्रंथीही असतात. त्यांची पोकळी रुंद असते, त्या केशपुटकात उघडतात आणि वयात आल्यावरच काम करू लागतात. त्यांच्या दाट स्रावावर जिवाणूंची क्रिया झाली की काखेचा वास येतो.

चेतांची मांडणी

अंतस्त्वचेत चेतांची दोन जाळी असतात. एक खोल, चरबीच्या सीमेवर आणि दुसरे वर, बाह्यत्वचेच्या लगत. त्यांतून निघालेले संवेदी तंतू तैलग्रंथीच्या जरा खाली केशपुटकाला वेढतात. काही तंतूंची टोके भाल्याच्या पात्यांसारखी केसाला समांतर उभी असतात, तर काही त्याच्याभोवती कड्यासारखी फिरतात. केस स्वतः मृत असला तरी तो किंचित वाकला की ही टोके चाळवतात, आणि मनगटावर बसलेली माशी त्वचेला टेकण्याआधीच जाणवते.

घर्मग्रंथी आणि केसाचा स्नायू यांच्याकडे येणारे तंतू स्वायत्त चेतासंस्थेच्या अनुकंपी शाखेचे असतात. या शाखेचे तंतू बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनॅलिन सोडतात आणि केसाच्या स्नायूलाही त्याच रसायनातून आदेश मिळतो. घर्मग्रंथी मात्र अपवाद आहे. तिच्याभोवतीचे अनुकंपी तंतू ॲसिटिलकोलीन सोडतात. हेन्री डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी 1934 मध्ये मांजराच्या पंजावरील प्रयोगांतून हे दाखवले. अ‍ॅट्रोपिनसारखे औषध दिले की घाम आटतो, पण अंगावर काटा येऊ शकतो, त्याचे कारण हेच.

मेरुरज्जूजवळच्या गंडिकांतून निघालेले हे अनुकंपी तंतू संवेदी तंतूंच्याच चेतांमधून त्वचेपर्यंत येतात. वाट एकच असल्यामुळे ती तुटली तर स्पर्श आणि घाम दोन्ही एकदम जातात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात हे स्पष्ट दिसते.

एका चट्ट्याची तपासणी

दंडावर रुपयाएवढा फिकट, स्पष्ट कडेचा चट्टा आहे, असे समजा. त्यावरचे केस विरळ झाले आहेत आणि त्वचा कोरडी आहे. चट्टा खाजत नाही आणि दुखतही नाही. डोळे मिटायला सांगून कापसाचे टोक लावले तर भोवतालच्या त्वचेवर ते कळते, चट्ट्यावर कळत नाही. गरम आणि थंड पाण्याच्या नळ्यांतला फरकही तिथे उमगत नाही. उष्णतेची जाणीव बारीक तंतू वाहून नेतात आणि ती बहुधा स्पर्शाच्या आधी जाते.

आता त्वचेवर आयोडीन लावून वाळू दिले, वर स्टार्चची पूड भुरभुरली आणि व्यक्तीला घाम येऊ दिला. घामाच्या पाण्याने स्टार्च आणि आयोडीन यांचा संयोग होतो आणि भोवतालची त्वचा निळीकाळी पडते. चट्टा तेवढा कोराच राहतो.

ऊतीचा तुकडा घ्यायचा तो चट्ट्याच्या कडेवरून आणि चरबीपर्यंत खोल. घर्मग्रंथींची वेटोळी आणि जाड चेता तिथेच असतात, वरवरच्या तुकड्यात त्या सापडत नाहीत. कापात दाहपेशींचे लांबट पुंजके चेतांच्या वाटेने पसरलेले दिसतात. घर्मग्रंथींभोवती आणि केसांच्या स्नायूंतही ते शिरलेले असतात. कुष्ठजंतू चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींमध्ये वस्ती करतो आणि दाह त्याचा माग काढत जातो. नेहमीच्या रंगांत बारीक चेता दिसत नाहीत. एस-100 या प्रथिनासाठीची खास रंगक्रिया केल्यावर निरोगी त्वचेत त्या तपकिरी रेषांसारख्या उठून दिसतात. चट्ट्यात त्यांचे तुकडे उरतात किंवा काहीच उरत नाही. चेता गेल्याने घाम थांबतो, आणि दाहामुळे ग्रंथी व केशपुटकेही नष्ट होत जातात.

शिबे आणि कोड यांतही त्वचा फिकी पडते, पण तिथे संवेदना शाबूत असते. या तपासणीला मर्यादाही आहेत. चेहऱ्यावर चेतांचे जाळे फार दाट असल्याने तिथल्या चट्ट्यात स्पर्श टिकून राहू शकतो, आणि अगदी सुरुवातीच्या चट्ट्यात बधिरता अपुरी असते. अशा वेळी जाड झालेली चेता हाताने चाचपून पाहणे आणि ऊतितपासणी यांवर भर द्यावा लागतो. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, पण नष्ट झालेल्या चेता सहसा परत येत नाहीत. म्हणून चट्ट्यात थोडी संवेदना आणि घाम शिल्लक असतानाच निदान होणे महत्त्वाचे ठरते.