गर्भाशयाशेजारचे दोन सेंटिमीटर

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत सर्वांत जपून काम करावे लागते ते गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंना, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर. तिथे गर्भाशयाला रक्त पुरवणारी धमनी मूत्रवाहिनीच्या वरून जाते. धमनी बांधून कापायची असते, मूत्रवाहिनीला मात्र धक्काही लागू द्यायचा नसतो. ‘पुलाखालून पाणी’ अशी खूण वैद्यकीय विद्यार्थी वर्षानुवर्षे पाठ करतात. त्यातला पूल म्हणजे धमनी आणि पाणी म्हणजे मूत्रवाहिनीतून जाणारी लघवी.

ही धमनी ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीकडून आडवी आत येते आणि गर्भाशयमुखाच्या वरच्या टोकापाशी गर्भाशयाला भिडते. तिथून ती नागमोडी वळणे घेत कडेने वर चढते. वर तिला अंडाशयाची धमनी येऊन मिळते. ती मात्र थेट पोटातल्या महाधमनीतून निघालेली असते. गर्भाशयाला असे चार ठिकाणांहून रक्त मिळते, म्हणून एकच धमनी बांधून रक्त थांबत नाही. गरोदरपणाच्या अखेरीस तर गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त वाहते.

गर्भाशयाला जागेवर धरणारे मुख्य बंध गर्भाशयमुखापाशीच असतात. एक जोडी बाजूच्या भिंतीकडे जाते, दुसरी मागे पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाकडे. बाजूचे बंध सैल पडले की अंग बाहेर येण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. धमनी याच बाजूच्या बंधाच्या वरच्या कडेने येते आणि मूत्रवाहिनी त्यातल्याच बोगद्यासारख्या वाटेने पुढे मूत्राशयाकडे वळते. आधार, रक्त आणि लघवी यांची वाट एकाच ठिकाणी येते, हीच खरी अडचण.

समजा, 45 वर्षांच्या एका बाईच्या गर्भाशयाच्या खालच्या भागात बाजूला मोठी गाठ आहे. गाठीने मूत्रवाहिनी नेहमीच्या जागेवरून सरकवलेली असू शकते, त्यामुळे पुस्तकातल्या अंतरावर भरवसा ठेवून चालत नाही. सर्जन आधी गर्भाशयाच्या बाजूचा पातळ पडदा उघडतात आणि त्याच्या मागच्या पदराला चिकटून जाणारी मूत्रवाहिनी शोधतात. ती पांढुरकी, पेन्सिलीपेक्षा बारीक नळी असते. हलकेच स्पर्श केला की तिच्यातून आकुंचनाची लाट सरकत जाते. धमनी नाडीबरोबर उडते, मूत्रवाहिनी अशी सावकाश वळवळते. दोन्हींतला फरक यावरूनच ओळखायचा.

त्यानंतर मूत्राशय खाली सरकवतात. गर्भाशय वर ओढून धरले की मूत्रवाहिनी आणि धमनी बांधायची जागा यांतले अंतर वाढते. मग धमनीभोवतीच्या ऊती बाजूला करून चिमटा गर्भाशयाला अगदी लागून लावतात. पुढचा प्रत्येक चिमटा आधीच्या टाक्याच्या आतल्या बाजूला पडला पाहिजे. तो बाहेर गेला की मूत्रवाहिनी त्यात सापडू शकते.

सर्वांत वाईट क्षण येतो तो टाका निसटल्यावर. धमनी मागे सरकते, जागा रक्ताने भरते, काही दिसत नाही. अशा वेळी घाईने खोलवर चिमटा मारला तर रक्त थांबते, पण मूत्रवाहिनी चिरडली किंवा बांधली जाऊ शकते. म्हणून आधी बोटाने किंवा पॅडने दाबून धरायचे, रक्त शोषून घ्यायचे, मूत्रवाहिनी पुन्हा पाहायची आणि मगच टाका घ्यायचा. विजेच्या उपकरणाचा चटका लागला तर इजा त्या दिवशी दिसतही नाही. चटका बसलेला भाग काही दिवसांनी गळतो आणि तिथून लघवी झिरपू लागते. शंका असेल तर शेवटी दुर्बिणीने मूत्राशयात पाहता येते: दोन्ही बाजूंनी लघवीची पिचकारी यायला हवी. चटक्याची इजा मात्र या तपासणीतही सुटू शकते.

एका बाजूची मूत्रवाहिनी बांधली गेली तरी दुसरे मूत्रपिंड काम करत राहते, त्यामुळे लघवी होत असते आणि सगळे ठीक वाटते. म्हणून गर्भाशय काढल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत एका कुशीत दुखत राहिले, ताप आला, पोट फुगले किंवा योनीमार्गातून सतत पाण्यासारखा स्राव येऊ लागला, तर ‘ऑपरेशननंतर असे होतेच’ म्हणून अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांकडे परत जा आणि मूत्रवाहिनीची तपासणी करायची का, असे स्पष्ट विचारा. इजा लवकर कळली तर नळी घालून किंवा मूत्रवाहिनी मूत्राशयाला पुन्हा जोडून मूत्रपिंड बहुतेक वेळा वाचवता येते.