आधी हिशेब, मग नमुना: नव्या उत्पादनाच्या पायऱ्यांचा खरा क्रम

नेट-सेटच्या वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या पेपरांत, बीबीए-एमकॉमच्या बहुपर्यायी चाचण्यांत एक प्रश्न वारंवार दिसतो. नवीन उत्पादन विकासाच्या पाच-सहा पायऱ्या उलटसुलट दिलेल्या असतात आणि त्यांचा क्रम लावायचा असतो. पहिली आणि शेवटची पायरी बहुतेकांना बरोबर सापडते. घोळ होतो तो मधल्या पायऱ्यांत.

पाठ्यपुस्तकांत सर्वाधिक चालणारी यादी फिलिप कोटलर आणि गॅरी आर्मस्ट्राँग यांची आहे. ती आठ पायऱ्यांची: कल्पना निर्मिती, कल्पनांची छाननी, संकल्पना विकास व चाचणी, विपणन व्यूहरचना, व्यवसाय विश्लेषण, उत्पादन विकास, चाचणी विपणन आणि व्यापारीकरण. हा क्रम पाठांतरासाठी कुणी मनाला येईल तसा ठरवलेला नाही. पायरी जसजशी पुढची, तसतसा खर्च वाढत जातो. म्हणून कागदावर सुटणारे प्रश्न आधी सोडवायचे आणि यंत्रं, साचे, कारखाना लागणारे प्रश्न मागे ठेवायचे. हे सूत्र लक्षात असेल, तर पुढचे गैरसमज आपोआप ओळखता येतात.

गैरसमज: वस्तूचा नमुना हातात आल्याशिवाय नफ्याचा हिशेब करता येत नाही

सर्वाधिक गुण याच समजुतीने जातात. व्यवसाय विश्लेषण उत्पादन विकासाच्या आधी येतं. विक्री किती होईल, खर्च किती येईल, नफा किती उरेल, याचा अंदाज जमत नसेल तर अभियंत्यांच्या हाती पैसा द्यायचाच नाही, यासाठी ते आधी करायचं. तोवर उत्पादन केवळ शब्दांत, चित्रांत किंवा ओबडधोबड प्रतिकृतीत असतं.

टाटांची नॅनो याचं ठळक उदाहरण आहे. पावसात एकाच स्कूटरवरून जाणारं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना सुचलं, ती होती कल्पना: अशा कुटुंबांना परवडेल असं सुरक्षित वाहन. पण कल्पना आणि संकल्पना यांत फरक आहे. त्याच कल्पनेतून अनेक संकल्पना निघू शकत होत्या. दारं नसलेली, बाजूला गुंडाळता येणारे पडदे लावलेली साधी चारचाकी हाही विचार सुरुवातीला झाला होता. अखेर निवड झाली ती पूर्ण मोटारीची. ग्राहकाच्या भाषेत, तपशिलासह मांडलेलं असं एखादं रूप म्हणजे संकल्पना.

२००३ मध्ये रतन टाटांनी किमतीचा दिलेला साधारण अंदाज वर्तमानपत्रात छापून आला आणि पुढे तोच कंपनीने लक्ष्य म्हणून स्वीकारला: कर आणि वाहतूक वगळून एक लाख रुपये. किंमत आधी ठरली आणि गाडी त्या किमतीत बसवण्याचं काम गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या अभियंत्यांकडे आलं. मागे बसवलेलं दोन सिलिंडरचं ६२४ सीसी इंजिन, एकच वायपर, प्रत्येक चाकाला चारऐवजी तीन नट, हे सगळं त्या आकड्यातून आलं. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी लोकांना दिसली, तेव्हा तिचा आकडा जवळपास पाच वर्षं जुना होता.

अर्थात नमुना तयार होत असताना खर्चाचे अंदाज पुन्हा तपासले जातात. प्रत्यक्षात अशी ये-जा चालूच असते. पण प्रश्नपत्रिका विचारते ती पायरी पहिल्यांदा कधी येते, आणि तिथे व्यवसाय विश्लेषणाचा नंबर आधीचा आहे.

गैरसमज: संकल्पना चाचणी आणि चाचणी विपणन ही एकच गोष्ट

दोन्हींत ‘चाचणी’ असल्यामुळे गोंधळ होतो, पण तपासायची गोष्ट वेगळी आहे. संकल्पना चाचणीत नेमक्या ग्राहकवर्गाला वर्णन किंवा चित्र दाखवून विचारतात: कळलं का, पटतं का, या किमतीला घ्याल का? चाचणी विपणनात खरी वस्तू खऱ्या दुकानात, ठरवलेल्या किमतीला, ठरवलेल्या जाहिरातीसह ठेवतात. तिथे वस्तूबरोबर विपणनाची अख्खी योजना तपासली जाते.

या दोन टोकांमध्ये तिसरी चाचणी असते, तीही बऱ्याचदा विसरली जाते. नमुना कंपनीच्या आत तपासणं आणि मग थोड्या ग्राहकांकडून वापरून घेणं, म्हणजे अल्फा आणि बीटा चाचणी. ती उत्पादन विकासाच्या पायरीतच मोडते.

नुसती चव तपासणं आणि अख्खी योजना बाजारात तपासणं यांतला फरक विसरणं किती महागात पडू शकतं, ते कोका-कोलाने १९८५ मध्ये अनुभवलं. नव्या चवीसाठी कंपनीने जवळपास दोन लाख लोकांकडून चव चाखून घेतली होती आणि अनेकांना ती जुन्यापेक्षा आवडलीही होती. पण ती चाचणी होती पेल्यातल्या पेयाची. जुना कोक दुकानातून नाहीसा होणार, ही योजना खऱ्या बाजारात तपासली गेलीच नाही. २३ एप्रिलला नवा कोक आला, अमेरिकेत तक्रारींचा पूर आला आणि ११ जुलैला जुनी चव परत आणल्याचं कंपनीने जाहीर केलं.

गैरसमज: चाचणी विपणन टाळता येत नाही

टाळता येतं. नेहमीच्या बिस्किटाचा नवा स्वाद आणायचा असेल आणि धोका कमी असेल, तर कंपन्या थेट विक्रीला उतरतात. प्रतिस्पर्धी नक्कल करून पुढे निघेल अशी भीती असेल तेव्हाही. मोटारीची अडचण आणखी वेगळी आहे. थोड्या गाड्या बाजारात विकून पाहायच्या म्हटलं तरी साचे आणि जोडणीची यंत्रणा आधी उभारावी लागते. म्हणजे जो खर्च वाचवायचा, तोच होऊन बसतो. क्रम लावताना मात्र या पायरीची जागा ठरलेली आहे: उत्पादन विकासानंतर, व्यापारीकरणाआधी.

गैरसमज: व्यापारीकरण म्हणजे उद्घाटन आणि जाहिरात

एकूण प्रक्रियेतला सगळ्यात मोठा खर्च सहसा इथेच होतो, कारण पूर्ण क्षमतेचं उत्पादन आणि वितरण उभं करावं लागतं. कधी आणायचं आणि कुठे आणायचं हे निर्णयही याच पायरीवर होतात, आणि एकदम देशभर उतरायलाच हवं असं नाही.

नॅनोची खरी परीक्षा इथेच झाली. ऑक्टोबर २००८ मध्ये पश्चिम बंगालमधलं सिंगूर सोडून कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला. मार्च २००९ मध्ये मुंबईत गाडीचं व्यावसायिक अनावरण झालं. दोन लाखांहून अधिक नोंदण्या आल्या, पण नवा कारखाना तयार नव्हता. उत्तराखंडातल्या पंतनगरहून मर्यादित गाड्या निघत होत्या, म्हणून पहिले एक लाख ग्राहक सोडतीने निवडले गेले. साणंदचा कारखाना सुरू झाला जून २०१० मध्ये, आणि तोवर लोकांचा पहिला उत्साह बराच ओसरला होता. वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता असताना सर्वाधिक विक्रीचं वर्ष, २०११-१२, सुमारे ७५ हजारांवर थांबलं. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही ओळख घातक ठरल्याचं रतन टाटांनी पुढे स्वतः सांगितलं. स्कूटर सोडून मोटार घेणाऱ्याला समाजात वर चढल्याची खूण हवी होती. ही गोष्ट संकल्पना आणि विपणन व्यूहरचना या पायऱ्यांवर कळायला हवी होती, असं माझं मत आहे.

गैरसमज: पायऱ्या आठच असतात

बूझ, ॲलन अँड हॅमिल्टन या सल्लागार संस्थेची १९६८ची यादी सहा पायऱ्यांची होती, १९८२ची सात. दुसरीत सुरुवातीलाच नव्या उत्पादनाची व्यूहरचना जोडली गेली. संख्या बदलली तरी छाननी, व्यवसाय विश्लेषण, विकास, चाचणी, व्यापारीकरण हा आपसातला क्रम कायम आहे. त्यामुळे एखादी पायरी पर्यायांत नसली तर थांबू नये, उरलेल्या क्रमाने लावाव्यात.

समजा असं आलं: (१) उत्पादन विकास, (२) चाचणी विपणन, (३) कल्पनांची छाननी, (४) व्यवसाय विश्लेषण, (५) संकल्पना चाचणी. कागदावर होणाऱ्या तीन आधी वेगळ्या काढा: ३, ५, ४. छाननीत ढीगभर कल्पनांतून थोड्या उरतात म्हणून ती पहिली. ग्राहकाचा कौल घेतल्याशिवाय विक्रीचा अंदाज बांधता येत नाही म्हणून ५ हे ४च्या आधी. मग वस्तू बनते आणि त्यानंतर ती दुकानात जाते. उत्तर: ३, ५, ४, १, २.